सदोष डिझाईनचा दावा लवादापुढे: गोषवारा असा बांधावा

बडोद्याच्या आसपास ज्यांनी शेड बांधली आहे त्यांना काळ्या मातीबद्दल सांगायला नको. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्या वर बसलेलं हलकं फ्लोअरिंग तिच्याबरोबर वरखाली होतं. डिझाईन करणाऱ्याने या मातीचा विचारच केला नाही आणि करारात लवादाचं कलम आहे, तर भांडण कोर्टाऐवजी लवादापुढे जातं. तिथे पहिला मोठा कागद म्हणजे 'स्टेटमेंट ऑफ क्लेम'. पूर्ण दावा पुरवण्यांसकट पाच-सहाशे पानांचा सहज होतो. त्याच्या पुढे सात-आठ पानांचा गोषवारा जोडावा, असं माझं मत आहे. तो नीट बांधला तर पुढची सगळी पानं त्याच्यामागे ओळीने उभी राहतात. नाहीतर लवादाला आपली बाजू आपल्याच कागदांतून शोधून काढावी लागते.

हा लेख त्या गोषवाऱ्याबद्दल आहे. मसुदा वकीलच करणार आणि बहुधा इंग्रजीतच. पण त्यातला मालमसाला, म्हणजे हकीकत, करारातला आधार, रकमेचा हिशेब आणि पुराव्यांची सूची, कारखानदाराने आणि त्याच्या इंजिनिअरने आधी स्वतःच्या भाषेत लिहून काढावा. सोयीसाठी एक कल्पित प्रकरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू.

प्रकरण

बडोद्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत ६० मीटर बाय ४० मीटरची, म्हणजे २,४०० चौरस मीटरची शेड आहे. मालकाने डिझाईनसाठी स्ट्रक्चरल कन्सल्टंट नेमला आणि बांधकामाचं काम वेगळ्या ठेकेदाराला दिलं. जानेवारी २०२२ च्या माती-तपासणी अहवालात फुगण्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ११ टन आला. वरची एक मीटर माती काढून तिथे न फुगणारी चिकट माती थराथराने दाबून भरा, अशी शिफारस अहवालात होती. या थराला साइटवर 'सीएनएस' म्हणतात. १२ मे २०२२ ला आलेल्या फ्लोअरच्या ड्रॉइंगमध्ये हा थर नाही. मूळ मातीवर थेट २३० मिलिमीटर रबल सोलिंग, १०० मिलिमीटर पीसीसी आणि वर १५० मिलिमीटर ट्रिमिक्सचा स्लॅब, एवढंच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये फ्लोअरिंग पूर्ण झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये ते मधोमध उचललं गेलं, भेगा पडल्या आणि मशिनांची लेव्हल गेली.

आधी मुदत मोजा

लिहायला बसण्यापूर्वी मुदत पाहावी. लवाद कायदा १९९६ च्या कलम ४३ मुळे मुदतीचा कायदा लवादालाही लागू होतो. करारभंगाच्या भरपाईसाठी मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५५ प्रमाणे तीन वर्षं मिळतात, आणि ती साधारणपणे करार मोडला त्या दिवसापासून मोजतात. बहुतेक मालक भेग दिसली तेव्हापासून मोजतात आणि तिथेच अडकतात. आपल्या प्रकरणात सदोष ड्रॉइंग १२ मे २०२२ ला हाती आलं. म्हणून सगळ्यात कडक हिशेबाने १२ मे २०२५ पूर्वी लवादाची मागणी करणारी कलम २१ ची नोटीस समोरच्याला पोचलेली हवी. नोटीस कधी पाठवली याला महत्त्व नाही, कधी पोचली याला आहे. आपली नोटीस २० मार्च २०२५ ला पोचली असं धरू. पोचपावती सूचीत गेलीच पाहिजे आणि गोषवाऱ्याच्या पहिल्या पानावर तिची तारीख हवी.

दुसरी मुदत कलम २३(४) ची आहे. लवादाला नेमणुकीची लेखी सूचना मिळाल्यापासून सहा महिन्यांत दावा आणि त्याचं उत्तर, दोन्ही पूर्ण व्हायला हवीत. सहा महिने एकट्या दावेदाराचे नाहीत. लवाद तुम्हाला बहुधा सहा-आठ आठवडेच देईल, म्हणून कागद गोळा करणं नोटिशीच्याही आधी सुरू करावं.

हकीकत: तारखांची माळ पुरत नाही

कलम २३(१) दावेदाराकडून तीन गोष्टी मागतं: दाव्याला आधार देणारी हकीकत, वादाचे मुद्दे आणि काय मिळावं ती मागणी. लोक हकीकत म्हणून सगळा पत्रव्यवहार तारीखवार उतरवतात. ते वाचून काय घडलं हे कळतं, पण कशामुळे घडलं हे कळत नाही, आणि सदोष डिझाईनच्या दाव्यात खरं भांडण त्यावरच होतं. समोरची बाजू ड्रॉइंग नाकारणार नाही. ती म्हणेल की फ्लोअरिंग ठेकेदाराच्या कामामुळे बिघडलं, किंवा गळक्या पाइपमुळे, किंवा पुरामुळे.

म्हणून गोषवाऱ्यातल्या हकीकतीचे दोन तुकडे करावेत. पहिला तुकडा छोटा: कोणी कोणाला कशासाठी नेमलं, माती-अहवाल कन्सल्टंटला कधी मिळाला, त्याने काय काढून दिलं, त्याप्रमाणे बांधलं का, आणि दोष कधी दिसून कधी कळवला. यातली निर्णायक ओळ अहवालाबद्दलची आहे. ७ मार्च २०२२ ला अहवाल ईमेलने गेला आणि दुसऱ्या दिवशी 'मिळाला' असं उत्तर आलं, तर ती दोन्ही वाक्यं जशीच्या तशी उद्धृत करावीत. आपल्या शब्दांत त्यांचा सारांश करू नये.

दुसरा तुकडा कारणाचा, आणि त्याला ऐसपैस जागा द्यावी. इथे साधा तर्क चालतो. दीडशे मिलिमीटर स्लॅब, पीसीसी आणि सोलिंग मिळून चौरस मीटरला जेमतेम १.१ टन भार होतो. खालची माती ११ टनांनी वर ढकलू शकते. म्हणजे हलकं फ्लोअरिंग उचललं जाणार, आणि खोल पायावरचे भारी खांब जागेवर राहणार. लेव्हलची मोजमापंही तेच दाखवतात. खांबांना संदर्भ धरून (आणि ते खांब स्वतः हललेले नाहीत हे बाहेरच्या बेंचमार्कवरून तपासून) मधल्या भागाच्या लेव्हल्स घेतल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये फ्लोअरिंग मूळ पातळीच्या ३१ मिलिमीटर वर होतं, जून २०२४ मध्ये १९ वर, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ३८ वर.

या तीन आकड्यांत अर्धा दावा आहे. पावसाळ्यानंतर वर आणि उन्हाळ्यानंतर खाली, ही फुगणाऱ्या मातीची चाल आहे. ठेकेदाराने भराव नीट दाबला नसता तर फ्लोअरिंग एकाच दिशेला, खाली, खचत गेलं असतं. एखादा पाइप गळत असता तर उंचवटा त्या पाइपच्या आसपास राहिला असता आणि उन्हाळ्यात उतरला नसता. म्हणून लेव्हल्स एकदाच घेऊन भागत नाही. पावसाळ्याआधीची आणि नंतरची अशी जोडी हवी, आणि तीही दुरुस्तीला हात लावण्याआधी. फ्लोअरिंग एकदा फोडलं की हा पुरावा परत मिळत नाही. फोडण्यापूर्वी समोरच्याला पाहणीचं लेखी निमंत्रण द्यावं. तो आला नाही तरी ते निमंत्रण कामाला येतं.

बडोद्यात आता पुराचा बचाव हमखास येतो. ऑगस्ट २०२४ अखेरीस विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं होतं, त्यामुळे त्यानंतरच्या प्रत्येक बांधकाम-वादात 'दैवी आपत्ती' हे उत्तर तयार असतं. आपल्या प्रकरणात ऑक्टोबर २०२३ चा ३१ मिलिमीटरचा आकडा त्याला परस्पर उत्तर देतो, कारण तो पुराच्या दहा महिने आधीचा आहे. हे गोषवाऱ्यात एका वाक्यात लिहून टाकावं, समोरच्याच्या उत्तराची वाट पाहू नये.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सोडून द्यायची. समजा उत्तरेकडच्या ८०० चौरस मीटरमध्ये लेव्हल्स दर वेळी खालीच गेल्या आहेत. तो भाग भरावामुळे खचला, आणि तो ठेकेदाराचा दोष आहे. ठेकेदार या लवादात पक्षकार नाही. तो भाग दाव्यात घुसवला तर उलटतपासणीत तो पडेलच, आणि उरलेल्या १,६०० चौरस मीटरवरचा विश्वासही घेऊन जाईल. गोषवाऱ्यात स्पष्ट लिहावं: 'हा दावा फक्त १,६०० चौरस मीटरपुरता आहे.'

करारातला आधार: कोणती जबाबदारी, कोणत्या शब्दांत

कलम २८(३) प्रमाणे लवादाने कराराच्या अटी आणि धंद्यातली रीत लक्षात घ्यायची असते. म्हणून आधी करार म्हणजे नेमके कोणते कागद, हे ठरवावं: नेमणूकपत्र, कामाची व्याप्ती सांगणारं परिशिष्ट, फीचा ठराव, नंतरची दुरुस्तीपत्रं. त्यांच्यात विसंगती असेल तर कोणता कागद वरचढ, तेही सांगावं.

मग मुख्य प्रश्न येतो. कन्सल्टंटने नेमकं काय पत्करलं होतं? दोन पायऱ्या असतात. पहिली, वाजवी कौशल्य आणि काळजीने काम करणं. दुसरी तिच्यापेक्षा कडक, म्हणजे काम ठरलेल्या उपयोगाला उतरेल अशी हमी. डिझाईन आणि बांधकाम एकाच ठेकेदाराकडे असेल तर दुसरी हमी अनेकदा करारात सापडते. फक्त डिझाईन करणाऱ्याच्या करारात बहुधा पहिलीच असते. पहिलीच असेल तर फ्लोअरिंग फुगलं एवढं सांगून भागत नाही. त्याच मातीवर, तोच अहवाल हातात असताना, कोणताही सावध इंजिनिअर असं ड्रॉइंग देणार नाही, हे दाखवावं लागतं. ते तज्ज्ञाच्या अहवालातून येतं. दुसरी हमी लिहिलेली असेल, उदाहरणार्थ 'फ्लोअर मशिनच्या कंपनीने दिलेल्या लेव्हल-मर्यादेत राहील' असं वाक्य असेल, तर दावा तिच्यावर उभा करावा आणि निष्काळजीपणा पर्यायी मुद्दा म्हणून ठेवावा. दोन्ही एकाच परिच्छेदात कालवू नयेत.

आता जबाबदारीच्या मर्यादेचं कलम. कन्सल्टंटच्या करारात ते जवळजवळ नेहमी असतं: 'एकूण जबाबदारी फीच्या रकमेपुरती', आणि 'अप्रत्यक्ष नुकसान मिळणार नाही'. पुष्कळ दाव्यांत या कलमाचा उल्लेखच नसतो, जणू लिहिलं नाही तर ते नाहीसं होईल. समोरची बाजू पहिल्याच पानावर ते काढेल. आपणच मांडावं, कलमाच्या शब्दांतून वाट असेल तर ती दाखवावी, आणि नसेल तर पर्यायी मागणी लिहावी. आपल्या प्रकरणात फी १४ लाख आहे आणि घोर निष्काळजीपणाला मर्यादा लागू नाही असं कलम म्हणतं. मग गोषवाऱ्यात असं लिहिता येईल: 'अहवालातली शिफारस हाती असूनही ती ड्रॉइंगमधून वगळली आणि त्याचं कारण कुठेही नोंदवलं नाही, म्हणून मर्यादा लागू नाही, हे अमान्य झाल्यास पर्यायाने १४,००,००० रुपये.'

रक्कम: वाढवण्यापेक्षा वजा करण्यात हुशारी आहे

करार कायदा १८७२ चं कलम ७३ सांगतं की नुकसान करारभंगातून स्वाभाविकपणे झालेलं हवं, किंवा करार करताना दोघांना अपेक्षित असलेलं हवं. दूरचं नुकसान मिळत नाही, आणि नुकसान कमी करायला जे उपाय हाताशी होते तेही विचारात घेतले जातात. कामात सगळ्यात जास्त चूक होते ती 'सुधारणेच्या' वजावटीत. दुरुस्तीत आपण सीएनएसचा थर टाकला. पण डिझाईन पहिल्यापासून बरोबर असतं तर तो थर आपल्याच पैशाने टाकावा लागला असता. तो खर्च कन्सल्टंटकडून मागता येत नाही. मात्र वजा करायचा तो २०२२ च्या दराने, आजच्या दराने नाही, कारण तेव्हा टाकला असता तर तेव्हाचाच दर लागला असता. दरातली वाढ करारभंगामुळे सोसावी लागली, ती मागता येते.

| बाब | रुपये |
|---|---|
| जुनं फ्लोअरिंग फोडणं, राडारोडा हलवणं: १,६०० चौ.मी. × ४५० | ७,२०,००० |
| एक मीटर खोदाई: १,६०० घ.मी. × २६० | ४,१६,००० |
| सीएनएस थर आणि दाबणं: १,६०० घ.मी. × ९५० | १५,२०,००० |
| सोलिंग, पीसीसी, ट्रिमिक्स: १,६०० चौ.मी. × १,९०० | ३०,४०,००० |
| वजा: खोदाई आणि सीएनएस २०२२ च्या दराने, १,६०० × ९९० | –१५,८४,००० |
| दुरुस्ती, निव्वळ (अ) | ४१,१२,००० |
| मशिन हलवणं, पुन्हा लेव्हल करणं (ब) | ६,४०,००० |
| तपासणी: खड्डे, कोअर, लेव्हल, प्रयोगशाळा (क) | २,८५,००० |
| उत्पादन बंद, निव्वळ (ड) | ६,९०,००० |
| एकूण | ५७,२७,००० |

ड मध्ये विक्रीचा आकडा घालू नये. मशिन बंद असताना माल विकला गेला नाही, तसा कच्चा मालही वापरला गेला नाही. म्हणून विक्रीतून बदलता खर्च काढून जे उरतं ते धरावं. इथे ते दिवसाला ५५,००० आहे. १८ दिवसांचे ९,९०,००० झाले, आणि नंतर ओव्हरटाइम करून भरून काढलेले ३,००,००० वजा केले. हा भाग 'अप्रत्यक्ष नुकसान' म्हणून कापला जाण्याची शक्यता आहेच. म्हणून तो वेगळ्या ओळीत ठेवावा, म्हणजे कापला तरी अ, ब, क ला धक्का लागत नाही.

जीएसटीबद्दल सीएचं एक पत्र घ्यावं. बिलावरच्या कराचं क्रेडिट घेतलं असेल तर तो खर्च झालेला नाही, मागू नये. क्रेडिट मिळत नसेल तर तो वेगळी ओळ करून मागावा. वरच्या तक्त्यातले आकडे कराविना आहेत.

व्याजाची मागणी राहून जाते, म्हणून तिला स्वतंत्र परिच्छेद द्यावा. लवाद कायद्याच्या कलम ३१(७) प्रमाणे करारात वेगळं ठरलं नसेल तर निवाड्यापूर्वीच्या काळाचं वाजवी व्याज लवाद देऊ शकतो. पण दर कुठून आला हे दाखवावं लागतं. बँकेच्या कॅश क्रेडिटचं मंजुरीपत्र हा सरळ पुरावा आहे. व्याज प्रत्येक बिल चुकवलं त्या तारखेपासून मोजावं. नोटिशीच्या तारखेपासून सगळ्या रकमेवर मोजलं की नंतर दिलेल्या बिलांवरही व्याज लागतं, आणि ते लगेच पकडलं जातं.

पुराव्यांची सूची

सूचीचे रकाने: क्रमांक, तारीख, कागद, कोणी केला, एकत्रित पान क्रमांक, आणि तो काय सिद्ध करतो. शेवटचा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत, आणि तो भरता आला नाही तर त्या कागदाची गरज नाही, असं समजावं. कागद मुद्द्यांप्रमाणे गटात ठेवावेत आणि गटाच्या आत तारखेप्रमाणे लावावेत. नमुना असा:

| क्र. | तारीख | कागद | काय सिद्ध होतं |
|---|---|---|---|
| सी-४ | जाने. २०२२ | माती-तपासणी अहवाल | फुगण्याचा दाब, एक मीटर थराची शिफारस |
| सी-५ | ७–८ मार्च २०२२ | ईमेल आणि उत्तर | अहवाल कन्सल्टंटला मिळाला होता |
| सी-९ | १२ मे २०२२ | फ्लोअरचं ड्रॉइंग | थर वगळला |
| सी-१७ | ऑक्टो. २०२३ | लेव्हलचा तक्ता, ग्रिड नकाशासह | दोष पुराच्या आधीचा |
| सी-२६ | २०२५ | दुरुस्तीची बिलं आणि बँक नोंदी | खर्च प्रत्यक्ष झाला |

कोटेशनला बिलाची किंमत नसते. काम झालं असेल तर मोजमाप-पुस्तिका, बिल आणि बँकेतून गेलेली रक्कम, अशी तिन्ही एकत्र हवीत.

व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट न देता संवाद एक्स्पोर्ट करून द्यावा, म्हणजे मधले संदेश गाळल्याचा आरोप येत नाही. कलम १९ प्रमाणे लवाद पुराव्याच्या कायद्याला बांधील नसतो. तरीही भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं. खर्च थोडा आणि वाद मिटतो. आपल्याकडे साइटवरचे संदेश अर्धे गुजराती, अर्धे मराठी आणि मधे हिंदी असे असतात. लवाद कायद्याच्या कलम २२ प्रमाणे लवाद कामकाजाच्या भाषेत भाषांतर मागू शकतो, म्हणून मूळ आणि भाषांतर समोरासमोरच्या पानांवर लावावं. 'जोई लइशुं' सारख्या वाक्यातून कबुली काढायची असेल तर भाषांतर आपल्या इंजिनिअरने करू नये, त्रयस्थाकडून करून घ्यावं.

'विदाउट प्रेजुडिस' लिहिलेली तडजोडीची पत्रं सूचीत घालू नयेत.

अडचणीचा कागद मात्र घालावा. समजा एप्रिल २०२२ मध्ये मालकाने कन्सल्टंटला लिहिलं होतं, 'भरावाचा खर्च जरा कमी बसवता येईल का?' समोरची बाजू हे पत्र काढून म्हणेल की थर मालकाच्याच सांगण्यावरून वगळला. आपणच ते सूचीत ठेवलं तर गोषवाऱ्यात उत्तरही देता येतं: मालकाने खर्चाबद्दल विचारलं, थर काढायला सांगितलं नाही, आणि थर काढल्यास फ्लोअरिंग फुगेल हा इशारा कन्सल्टंटने कोणत्याही पत्रात दिला नाही. त्या पत्राच्या पुढचा-मागचा सगळा संवाद जोडावा. इशारा खरंच दिला गेला असेल तर हा दावा दाखल करण्याआधी वकिलाशी पुन्हा बसावं.

दाखल करण्यापूर्वी गोषवाऱ्यातल्या प्रत्येक वाक्याशेजारी सी-क्रमांक आणि पान लिहिलेलं आहे का, ते दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावं. ज्या वाक्याला क्रमांक नाही त्याला एक तर कागद शोधावा, किंवा ते साक्षीदाराच्या प्रतिज्ञापत्रात जाणार आहे असं तिथेच नोंदवावं.